फायनल कॉल, गेट क्लोज्ड, रिशेड्यूल्ड: विमानतळावरच्या पाटीचे तुमचे अनुभव

कोरांटी
गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्याला पुण्याहून नागपूरला निघाले होते. विमान १८:४०चं. सहा वाजून पाच मिनिटांनी पाटीवर 'फायनल कॉल' आलं तेव्हा मी कॉफीच्या रांगेत, पुढे दोनच माणसं. म्हटलं, अजून पस्तीस मिनिटं आहेत. १८:१८ला गेटवर पोचले तर मुलगी म्हणाली, "मॅम, गेट क्लोज्ड." काचेतून विमान समोर दिसत होतं, पूल लागलेला होता, आणि तो १८:३३पर्यंत तसाच लागलेला मी डोळ्यांनी पाहिला. पंधरा मिनिटं! साखरपुडा व्हिडिओवर पाहिला. तर या पाट्यांवरच्या शब्दांचा खरा अर्थ तुम्हाला कधी आणि कसा कळला, ते लिहा.

घाटपांडे_नव्हे
तुमची बॅग पोटात होती का? असेल तर ते तुम्हाला सोडून जाऊच शकत नाहीत, तसा नियम आहे. हैदराबादला मी दहा मिनिटं उशिरा पोचलो होतो, नाव घेऊन पुकारत होते, मुकाट आत घेतलं. म्हणून मी नेहमी एक तरी बॅग चेक-इन करतो.

कोरांटी
नव्हती हो. खांद्यावरची पिशवी आणि साडीचं खोकं, बस.

खालचा_मजला
चौदा वर्षं गेटवर उभा राहिलोय, आता सोडलं. ताई, तुमचंच विमान घेतो.

१८:४० ही उडायची वेळ नाही. चाकांखालचे अडसर काढून विमान जागेवरून हलायची वेळ आहे. विमान वेळेवर गेलं की नाही हे त्या क्षणावर मोजतात, त्यामुळे दारं त्याच्या बरीच आधी लागावी लागतात. तुमच्या बोर्डिंग पासवर गेट बंद व्हायची वेळ छापलेली असणार. देशांतर्गत विमानाला साधारण २५ मिनिटं आधी, म्हणजे १८:१५. तुम्ही पाहत होतात ती १८:४०. सगळेच तीच पाहतात.

आता 'फायनल कॉल'. पुष्कळ ठिकाणी हे कुणी बटण दाबून लावत नाही, सुटायच्या आधी ठरलेली मिनिटं उरली की पाटी आपोआप बदलते. त्या वेळी गेटवर कधी शंभर माणसं रांगेत असतात, कधी चारच राहिलेली असतात. पाटीवरून ते कळत नाही. आम्हाला कळतं ते गेटवरच्या स्क्रीनवर. समजा १७८ जणांनी चेक-इन केलंय आणि १७४ पास स्कॅन झालेत. मग चौघांची नावं पुकारायची आणि त्याच वेळी खाली लोडरला वायरलेसवर त्यांच्या बॅगांचे टॅग नंबर द्यायचे.

घाटपांडे, नियम अर्धाच सांगितलात. मालकाशिवाय बॅग जात नाही हे खरं. २३ जून १९८५ला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान बॅगेतल्या बॉम्बने पडलं, ३२९ माणसं गेली, ती बॅग चढवणारा माणूस स्वतः विमानात चढलाच नव्हता. पण नियम बॅग उतरवायचा आहे, तुमची वाट बघायचा नाही. टॅग मिळाला की बॅग खाली येते. तुमच्या बाबतीत शोधत बसण्यापेक्षा थांबणं स्वस्त पडलं असेल, इतकंच. आणि ताई, तुमची बॅगच नव्हती, म्हणजे तुम्हाला वगळणं सगळ्यात सोपं.

गेट बंद केल्यावर अंतिम आकडा जातो. किती माणसं, कुठे बसलीत, सामान किती, यावरून वजनाचा आणि तोलाचा कागद बनतो, तो कॅप्टनकडे जातो. मग दार, मग पूल मागे. तुम्हाला दिसलेली पंधरा मिनिटं ती. शेवटच्या क्षणी एखादं माणूस त्या कागदावर वाढवता येतं, अगदीच अशक्य नसतं. पण एकाला घेतलं की मागून धावत येणाऱ्या दुसऱ्याला काय सांगायचं? मी कधी घेतलंय, कधी नाही. ती मुलगी खोटं बोलली नाही एवढंच सांगतो.

परळचा_पक्या
रिशेड्यूल्डवरून आठवलं. आमची कोकणात जायची गाडी, मोबाइलवर 'रिशेड्यूल्ड'. मी समजलो गाडी दुसऱ्या दिवसावर गेली आणि घरी झोपलो. तसं नसतं! गाडी सुरुवातीच्या स्टेशनातूनच उशिरा सोडणार असतील तर रेल्वे त्याला रिशेड्यूल्ड म्हणते. वाटेत रखडली तर ती नुसती 'लेट'. तीन तासांवर उशीर असेल आणि प्रवास केला नाही, तर पूर्ण पैसे मिळतात, पण टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, गाडी आपल्या स्टेशनातून सुटायच्या आधी भरायचा. मी झोपेतून उठून भरला.

कोरांटी
पक्या, धागा विमानाचा आहे रे. पण असू दे, कामाचं आहे.

सुगरण_दिल्लीकर
मला 'डिलेड'ने फसवलं. जानेवारी, दिल्लीचं धुकं, विमान ८:५०चं. पाटीवर 'डिलेड ११:३०'. आम्ही टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन निवांत छोले-भटुरे मागवले. दहाला नवऱ्याने सहज मान वर केली तर 'बोर्डिंग', वेळ १०:२५! भटुरा हातात घेऊन पळालो. उशीर कमी कसा होतो हो?

खालचा_मजला
डिलेडपुढची वेळ म्हणजे अंदाज. तुमचं विमान दुसऱ्या गावाहून यायचं असतं, त्याला धुक्यातून लवकर वाट मिळाली की अंदाज मागे येतो. 'रिशेड्यूल्ड' म्हणजे कंपनीने वेळच बदलली. चेक-इन, गेट सगळं बहुधा नव्या वेळेवरून मोजतात. ती आधी कळवतात आणि कधी वेळ अलीकडेही आणतात, म्हणून मेसेज वाचा. डिलेड विमानाचं चेक-इन मात्र बऱ्याचदा जुन्या वेळेलाच बंद होतं. 'तीन तास उशीर आहे' म्हणून घरून तीन तास उशिरा निघालेली माणसं मी काउंटरवर रडताना पाहिली आहेत. पाट्या लावणारे स्वतःही हे दोन शब्द सरमिसळ वापरतात, त्यामुळे शब्दावर फार विसंबू नका, कंपनीला विचारा.

टेम्सकाठचा_बंड्या
हीथ्रोला उलटी गंमत. गेट नंबर फार उशिरा लावतात, तोवर सगळे माना वर करून दुकानांत उभे. टर्मिनल पाचला गेट बी किंवा सी निघालं तर भुयारी गाडीने जावं लागतं. आई-बाबांना घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा सी गेट आलं, आणि बाबांना नेमकं तेव्हाच बाथरूमला जायचं होतं. आता नंबर लागायच्या आधीच सगळं उरकून घेतो.

माईंची_लेक
मुंबईला माई एकट्या होत्या. त्यांचा सगळा भरवसा कानावर, एसटी स्टँडची सवय. 'पुकारतील की' म्हणून गेटपासून दूर पंख्याखाली बसल्या. तिथे आता बोर्डिंगच्या घोषणा सगळ्या टर्मिनलभर करत नाहीत. शेजारच्या बाईने पास वाचून उठवलं म्हणून विमान मिळालं. आता मी पासावरच्या गेट बंद व्हायच्या वेळेभोवती लाल पेनाने गोल काढून देते.

सडेतोड
सगळं प्रवाशानेच करायचं. मी दीड तास आधी आलो, सिक्युरिटीच्या रांगेत पन्नास मिनिटं गेली, गेट बंद. ही चूक कुणाची? कंपनी म्हणते विमानतळाची, विमानतळ म्हणतो तुमची.

खालचा_मजला
याला माझ्याकडे उत्तर नाही. रांगेत असतानाच ओरडून फ्लाइट नंबर सांगा, कधीकधी कंपनीचा माणूस नावं गोळा करत फिरत असतो. कधीकधी नसतोही.

ताई, विमान चुकलं तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं. अर्ज केलात का?

कोरांटी
नाही! आज करते. कॉफी निदान त्यातून निघावी, तीही अर्धी टाकूनच पळाले होते.