मदत हवी आहे: मध्यस्थीच्या सुरुवातीला गोपनीयतेचे अपवाद कसे सांगावेत?

नमस्कार. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी अंतर्गत मध्यस्थ आहे. येत्या गुरुवारी एकाच टीममधल्या दोघांची बैठक आहे. वाद कामाच्या वाटणीचा आणि सगळ्यांसमोर झालेल्या बोलाचालीचा. हुद्दा सारखाच, दोघेही स्वखुशीने येताहेत, वकील नाहीत.

सुरुवातीचं निवेदन बहुतेक तयार आहे: एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, रेकॉर्डिंग नाही, कोणीही कधीही थांबू शकतं. मी निवाडा देणार नाही. पगार, बढती किंवा शिस्तभंगाची कारवाई माझ्या हातात नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. मॅनेजरना फक्त 'तोडगा निघाला' किंवा 'निघाला नाही' एवढंच कळेल, हे त्यांच्याशी आधीच ठरवलंय.

अडतंय ते अपवादांपाशी. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मला गप्प राहता येणार नाही. लैंगिक छळाची बाब निघाली तर त्यासाठी 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती आहे, ती माझ्या टेबलावर मिटवायची गोष्ट नाही. "सगळं गुप्त राहील" असं सांगून नंतर तोंड उघडणं मला विश्वासघात वाटतो. पण निवेदन एका सहकारी मैत्रिणीला वाचून दाखवलं, तर अपवाद ऐकताच ती म्हणाली, "मग मी जपूनच बोलेन." अपवाद नुसते संमतीपत्रात छापायचे हा पर्याय मला पटत नाही, सही करताना ते कोण वाचतं?

तुम्ही हे नेमक्या कोणत्या वाक्यांत सांगता, आणि दोघांना एकत्र बसवून की आधी एकेकट्याला?