शब्दचर्चा : चौकशीतल्या साक्षीदाराचा ‘जबाब’ की ‘कथन’?

पारोळेकर : जिनिंगमध्ये काटापावती आणि आवक रजिस्टर यांतल्या वजनाच्या फरकाबद्दल प्राथमिक चौकशी लागली आहे. काट्यावरच्या हमालाला पाठवायचा मसुदा असा : ‘काट्यावर झालेल्या अफरातफरीबाबत आपला जबाब घ्यायचा आहे. मुलाखतीस हजर राहावे. आपली माहिती पूर्णपणे गुप्त राहील.’ शब्द बरोबर आहेत का?

रावेरकर : ‘झालेल्या अफरातफरीबाबत’ म्हणजे निकाल आधीच लागला. पुढे कोणी हे पत्र दाखवून चौकशी पूर्वग्रहदूषित होती म्हणेल. ‘१२ तारखेच्या आवकेच्या नोंदींतील फरकाबाबत’ एवढे पुरे. ‘मुलाखत’ काढाच, लोकांना बढतीची वाटते. आणि साक्षीदाराला ठळकपणे सांगा की तक्रार त्याच्याविरुद्ध नाही. हे वाक्य नसले की माणूस घाबरून येतो आणि ‘मला काही माहीत नाही’ एवढेच बोलतो. मी असे लिहीन :

‘१२ तारखेच्या आवकेच्या नोंदींतील फरकाबाबत प्राथमिक चौकशी चालू आहे. त्या दिवशी आपण काट्यावर कामावर होता, म्हणून आपणास असलेली माहिती समजून घ्यायची आहे. आपल्याविरुद्ध तक्रार नाही. कृपया सोमवारी सकाळी ११ वाजता कार्यालयात भेटावे. ही वेळ कामाची धरली जाईल. वेळ गैरसोयीची असल्यास आधी कळवावे.’

शहादेकर : ‘कथित अफरातफर’ चालेल ना? की ‘तथाकथित’?

रावेरकर : ‘तथाकथित’ नको, त्यात तक्रारदाराची टर उडवल्याचा सूर येतो. ‘कथित’ चालते, पण ‘तक्रारीत नमूद केलेला’ जास्त स्वच्छ.

चोपडेकर : गुप्ततेचे वाक्य ठेवा. साक्षीदाराचे नाव उघड करायला कायद्यानेच बंदी आहे.

रावेरकर : ती बंदी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यातली, कलम १६. तिथे तक्रारदार, प्रतिवादी आणि साक्षीदार यांची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. काट्याच्या चौकशीला ते कलम लागत नाही. शिवाय ‘प्रसिद्ध न करणे’ आणि ‘समोरच्याला न दाखवणे’ यांत फरक आहे. उद्या दोषारोपपत्र निघाले आणि हे कथन पुरावा म्हणून वापरले, तर त्याची प्रत संबंधित कर्मचाऱ्याला द्यावी लागते, साक्षीदाराची उलटतपासणी होऊ द्यावी लागते. तेव्हा ‘पूर्णपणे गुप्त’ हे वचन मोडतेच. ‘गोपनीय’ लिहा आणि मर्यादाही लिहा :

‘आपले कथन चौकशीसाठी आवश्यक असलेल्या व्यक्तींनाच दाखवले जाईल. पुढील कारवाईत ते पुरावा म्हणून वापरल्यास संबंधित कर्मचाऱ्यास त्याची प्रत द्यावी लागेल. चौकशी चालू असेपर्यंत आपणही इतर साक्षीदारांशी याबाबत चर्चा करू नये.’

भडगावकर : मलाही आमच्या पतसंस्थेचे असेच पत्र आले आहे. वकील नेता येईल का? आणि सही केली तर अडकेन का?

पारोळेकर : दादा, इथे शब्दांचं चाललंय. पण सहीचा मुद्दा मलाही हवा आहे. पोलीस जबाबावर सही घेत नाहीत म्हणतात.

रावेरकर : पोलीस तपासातल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, हे खरे. अंतर्गत चौकशीत उलट आहे : प्रत्येक पानावर सही किंवा अंगठा, आणि खाडाखोड असेल तिथे आद्याक्षरी. भडगावकर, सही म्हणजे ‘मी हे सांगितले’ एवढीच कबुली. वाचून दाखवल्याशिवाय करू नका, प्रत मागा. वकिलाचे संस्थेच्या नियमांत पाहा.

धुळेकर : खरी गोची लिहिताना होते. हमाल अहिराणीत म्हणतो, ‘माले समजनं का पावती बदली.’ कारकून शुद्ध मराठीत उतरवतो, ‘पावती बदलताना मी पाहिले.’ ऐकीव गोष्ट डोळ्यांदेखतची झाली! उलटतपासणीत पहिला प्रश्न येतो, ‘तू कुठे उभा होतास?’ आणि सगळे कथन कोसळते. म्हणून कळीचे वाक्य त्याच्याच बोलीत अवतरणात ठेवा, लगेच विचारा, ‘कोणी सांगितलं? कधी?’ आणि तेही लिहा.

पारोळेकर : मग कागदाचा क्रम कसा?

धुळेकर : वर नाव, काम, तारीख, सुरू झाल्याची वेळ, कोण हजर होते. मग क्रमांक टाकलेले परिच्छेद, एका परिच्छेदात एकच गोष्ट : स्वतः पाहिलेले आधी, ऐकलेले वेगळे. दाखवलेल्या पावतीचा क्रमांक मजकुरातच. शेवटी, ‘वरील मजकूर मला माझ्या बोलीत वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, मी कोणत्याही दबावाशिवाय सांगितले आहे’, संपल्याची वेळ आणि सह्या. वाचून दाखवणाऱ्याचीही सही घ्या, ती हमखास राहते.

चोपडेकर : मथळा ‘निवेदन’ ठेवू?

रावेरकर : निवेदन तहसीलदाराला मोर्चावाले देतात. ‘साक्षीदाराचे कथन’ ठेवा.

धुळेकर : मला ‘जबाब’च बरा वाटतो. ‘कथन’ म्हटलं की हमाल विचारतो, ‘म्हणजे काय?’ ठाण्याची आठवण येते हे मान्य, पण पत्रातच तक्रार त्याच्याविरुद्ध नाही म्हटलंय ना.

रावेरकर : घाबरलेला माणूस दुसऱ्या ओळीपर्यंत वाचत नाही. मी ‘कथन’च लिहीन, तोंडी ‘तुमचं म्हणणं’ म्हणेन.