रात्रीचा खोकला: सर्दी की दमा?

«दीड महिना झाला. सर्दी गेली, पण रात्री खोकला उठतो आणि छातीत सूं-सूं वाजतं. चाळिशीत दमा होतो का?»

होतो. साध्या सर्दीनंतरचा खोकलाही काही आठवडे रेंगाळतो, पण तो हळूहळू उतरत जातो. दम्याचा चढउतार करतो: दुपारी माणूस ठणठणीत, पहाटे तीनला उठून बसलेला. आमच्या वेंगुर्ल्याच्या वहिनींचं असंच होतं. पावसाळ्यात पेटीतली कुबट गोधडी काढली की छाती वाजायची, आणि घरचे मात्र आल्याचा काढा देत बसायचे.

शेवटी त्यांची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून श्वास मोजायची चाचणी, झाली. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात २.० लिटर हवा बाहेर आली. मग श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे चार पफ देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं, तर २.४ लिटर. म्हणजे ४०० मिली, २० टक्के वाढ. मोठ्या माणसात १२ टक्के आणि २०० मिली, दोन्हींहून जास्त वाढ झाली तर आवळलेल्या नळ्या औषधाने मोकळ्या होतात असं धरतात, आणि अशी लक्षणं सोबत असतील तर दम्याचं निदान पक्कं होतं. सर्दीच्या खोकल्यात एवढा फरक सहसा दिसत नाही.

एक मेख आहे: बरं वाटत असताना चाचणी नॉर्मल येऊ शकते, तेवढ्यावरून दमा नाही म्हणू नका. आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जुना आहे, तेव्हा थुंकीची टीबी तपासणीही करून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते. बोलताना वाक्य पुरं होत नसेल तर मात्र रात्रीच निघा, सकाळची वाट पाहू नका.