सॅक३०५, ओएसपी पॅड आणि १५० अंशांत जाड होणारा थर: पेस्ट बदलू की फिनिश?

अनघा_पॉवरबोर्ड
आमच्या पॉवर सप्लायच्या बोर्डावर एक जड एसएमडी इंडक्टर आहे. शेजारीच मॉस्फेट असल्यामुळे चालू स्थितीत त्याच्या जोडांचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. पॅड तांब्याचे आणि वर ओएसपी, म्हणजे तांबं काळं पडू नये म्हणून दिलेला पातळ सेंद्रिय थर; इंडक्टरचे पायही तांब्याचे आणि वर कथील, पेस्ट सॅक३०५, म्हणजे कथील-चांदी-तांब्याचं शिसंविरहित सोल्डर. रिफ्लोनंतर क्रॉस सेक्शन काढला तेव्हा पॅडकडचा इंटरमेटॅलिक थर, म्हणजे तांबं आणि कथील यांच्या संयुगांचा थर, सरासरी २ मायक्रॉन होता. १५० अंशांवर २५० तास ठेवलेल्या नमुन्यात तो ५ मायक्रॉन झाला. त्यात तांब्याला चिकटून Cu3Sn ची गडद पट्टी दिसते आणि तिच्यात बारीक पोकळ्याही आहेत. शिअर चाचणीत बळ फारसं उतरलेलं नाही, पण बोर्ड आपटण्याच्या चाचणीत ओव्हनमधून काढलेल्या बोर्डांवरचा इंडक्टर लवकर सुटतो. आता निकेल घातलेली पेस्ट घ्यावी, की पॅडचं फिनिश बदलून एनिग, म्हणजे निकेल आणि त्यावर सोन्याचा पातळ मुलामा, करावं? दोन्ही एकदम बदलायला वेळ नाही.

रिफ्लोवाला
हा थर ठिसूळ असतो, म्हणून तो मुळातच पातळ ठेवा. तुमचं रिफ्लोचं पीक तापमान किती आहे? २४५ असेल तर २३२ वर आणा आणि वितळबिंदूच्या वरचा वेळ ४० सेकंदांवर ठेवा. थर दीड मायक्रॉनचा बसला की निम्मं काम झालं. पेस्टला हातच लावू नका.

जुना_टाका
मी दुरुस्तीचं काम करतो. शिसंविरहित सोल्डर वापरायला लागल्यापासून माझे टाके राखाडी आणि खडबडीत दिसतात, शिसंवाल्यासारखी चकाकी येत नाही. बिट ३५० वर असते. हाच ठिसूळ थर वर दिसतो का? मग सगळे टाके पुन्हा मारायला हवेत का?

धातुवेध
जुना_टाका, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण आधी तोच उरकतो. सॅक गोठताना कथलाचे दाणे पृष्ठभागावर खडबडीत उमटतात, म्हणून तो राखाडी दिसतो. इंटरमेटॅलिक थर आत, तांब्याच्या कडेला असतो. तो बाहेरून दिसत नाही. तुम्ही कड बघा. सोल्डर पॅडवर पसरत जाऊन पातळ धारेने संपत असेल तर ते भिजलंय. फुगून गोळा झाला असेल आणि कडेशी खाच दिसत असेल तर भिजलेलं नाही. राखाडी रंगासाठी पुन्हा तापवू नका, प्रत्येक तापवणीत आतला थर वाढतो आणि पॅड उचलला जाण्याचा धोकाही वाढतो.

रिफ्लोवाला, सुरुवातीचा थर पातळ ठेवावा हे बरोबर. पण अनघाताईंचेच आकडे धरून हिशेब करा. ओव्हनमधली वाढ वेळेच्या वर्गमुळाने होते. २५० तासांत ३ मायक्रॉन वाढले, तर १००० तासांत, म्हणजे चौपट वेळेत, वाढ दुप्पट होईल: ६. सुरुवातीचे २ धरून ८ मायक्रॉन. तुम्ही सुरुवात दीडवर आणलीत तरी शेवटी ७.५ होणार. अर्ध्या मायक्रॉनसाठी जड इंडक्टरखाली २३२ अंश देऊ नका. सॅक २१७ ते २२० अंशांत वितळतं, आणि बोर्डावर लहान भाग २३२ ला पोचले तरी इंडक्टरचे पाय मागे राहतात. त्यात सॅक शिसंवाल्याइतक्या सहज पसरत नाही. पाय अर्धवट भिजले तर दोष थराच्या जाडीपेक्षा मोठा होईल. थर्मोकपल थेट इंडक्टरच्या पायावर लावून मगच पीक ठरवा.

रिफ्लोवाला
वर्गमुळाचा मुद्दा पटला. पण शिअरचं बळ उतरलं नाही असं त्या लिहितात. मग थर जाड झाल्याने काय बिघडलं?

धातुवेध
शिअर चाचणीत अवजार हळू सरकतं. तेवढ्या वेळात मऊ सोल्डर लोळतं, ताण स्वतः घेतं आणि तुटणं सोल्डरच्या पोटातूनच होतं. आदळताना ताण इतक्या वेगाने येतो की सोल्डरला लोळायला वेळच मिळत नाही, ते एकदम कडक वागतं आणि सगळा भार कडेच्या थरावर जातो. त्यामुळे हळू शिअरचा आकडा तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. शिअरचा वेग खूप वाढवून बघा, किंवा निदान तुटलेला पृष्ठभाग बघा. राखाडी, ओढल्यासारखा असेल तर सोल्डर तुटलं. सपाट आणि फिकट असेल तर थर तुटला.

अनघाताई, सुटलेल्या इंडक्टरच्या बाबतीत तुटणं पॅडकडे आहे की पायाकडे? ते कळल्याशिवाय सल्ला देता येणार नाही.

अनघा_पॉवरबोर्ड
बहुतेक पॅडकडे. सपाट, Cu3Sn आणि Cu6Sn5 यांच्या हद्दीजवळ, पोकळ्यांच्या रेषेतून. दोन ठिकाणी पायाकडेही दिसलं.

धातुवेध
मग मी फिनिशऐवजी पेस्ट बदलेन. एनिगमध्ये निकेल तांब्याला सोल्डरपासून अडवतं, म्हणून पॅडकडे Cu3Sn होणार नाही. पण ते पॅडपुरतंच. इंडक्टरच्या पायाला तांबंच आहे, तिथे वाढ चालूच राहील आणि पुढची तुटण तिकडे सरकेल. तुम्हाला दिसलेल्या दोन जागा त्याचीच चाहूल आहेत. निकेल पेस्टमध्ये असेल तर ते दोन्ही कडांना पोचतं. ०.०५ टक्के इतकं थोडं निकेलही Cu6Sn5 मध्ये शिरतं आणि Cu3Sn ची वाढ बरीच रोखतं. सॅकमध्ये निकेल घातलेल्या पेस्ट मिळतात, त्यांचा वितळबिंदू जवळजवळ तोच, म्हणजे प्रोफाइलमध्ये मोठा फेरफार नको. निव्वळ कथील-तांबे-निकेल घेतलंत तर चांदी नसल्याने ते मऊ असतं आणि आपटण्याला चांगलं, पण २२७ अंशांना वितळतं. मग इंडक्टर आणि बोर्डावरचे इतर भाग किती अंशांपर्यंत सोसतात ते आधी पाहावं लागेल.

एक सूचना. पोकळ्या किती होतात ते तांब्याच्या मुलाम्यातल्या अशुद्धीवरही अवलंबून असतं. दुसऱ्या खेपेचे बोर्ड घेऊन तीच २५० तासांची चाचणी करा. पोकळ्या नाहीशा झाल्या तर दोषाचं मूळ बोर्डातच आहे.

चाचणी_विभाग
एनिगला एवढ्या लवकर बाजूला सारू नका. धातुवेध यांचं गणित पायांबद्दल बरोबर आहे, पण पुरवठादाराला पायाखाली निकेलचा थर द्यायला सांगता येतं. मग दोन्ही बाजूंनी तांबं अडतं. अडचण अशी की एनिगमध्ये निकेलमधलं फॉस्फरस आणि सोन्याच्या पायरीत निकेलला लागलेला गंज यांमुळे नव्या जोडांतही ठिसूळ तुटण येऊ शकते. नवीन बोर्ड आपटण्यात ओएसपीच बहुतेक वेळा पुढे असतं, पिछाडी येते ती उष्णतेत मुरल्यानंतर. म्हणून नवे आणि मुरवलेले, दोन्ही आपटा.

दुसरं, १५० अंशांचे १००० तास म्हणजे १०० अंशांवर किती? सक्रियण ऊर्जा ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली तर साधारण १३ पट, १.० धरली तर ३९ पट. म्हणजे दीड वर्ष की साडेचार वर्षं, हे त्या एका आकड्यावर ठरतं. १२५ अंशांचा एक गट ठेवा आणि ऊर्जा स्वतःच्या नमुन्यातून काढा.

धातुवेध
१२५ अंशांचा गट ठेवावा, मान्य. पण त्याला निदान १००० तास द्या, नाहीतर वाढ मोजमापाच्या चुकीत बुडेल. आणि थराची जाडी एका जागी नको, क्षेत्रफळ भागिले लांबी अशी काढा, कारण कड दातेरी असते. पायाखाली निकेलबद्दल मात्र मला अजून शंका आहे: वाकवताना निकेलला तडे गेले तर तांबं पुन्हा उघडं पडतं.

अनघा_पॉवरबोर्ड
आधी सॅकमध्ये निकेल असलेली पेस्ट घेते, त्याच ओएसपीवर. सोबत दुसऱ्या खेपेचे बोर्ड आणि १२५ अंशांचा गट. पायाखालच्या निकेलबद्दल पुरवठादाराला विचारते, वाकवणं मुलाम्याआधी होतं की नंतर.