अनुभव धागा: ड्राइव्ह लावला आणि भरलेला बेल्ट सुटेना

फौंड्रीकर

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मेंटेनन्सला आहे. मोल्डिंगकडे वाळू नेणारा चढता बेल्ट आहे, १० एचपीची मोटर, पुढे गिअरबॉक्स. आधी मोटर थेट लाइनवर सोडणाऱ्या डीओएल स्टार्टरवर होता. धाडकन सुटायचा, पण सुटायचा. कपलिंगचं रबर सारखं जायचं म्हणून दिवाळीच्या सुट्टीत हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह बसवला. रिकामा बेल्ट लोण्यासारखा सुटतो. पण लाइट गेली आणि बेल्ट भरलेला थांबला की मेलाच. ५-६ हर्ट्झपर्यंत मोटर नुसती घुमते, मग ट्रिप. दोन पोरं फावडी घेऊन अर्धी वाळू खाली ओढतात, तेव्हा चालतो. मालक म्हणाले, "ड्राइव्ह घेतला की फावडं घेतलं?"

आयटीआयला शिकवलं होतं की ४१५ भागिले ५०, म्हणजे प्रत्येक हर्ट्झला ८.३ व्होल्ट. हे गुणोत्तर सांभाळलं की टॉर्क सगळ्या वेगांना सारखा. मग ५ हर्ट्झला तो जातो कुठं? ज्यांनी ज्यांनी हे भोगलंय त्यांनी आपापलं लिहा. पुस्तकातलं नको, हाताखालून गेलेलं लिहा.

जुना वायंडर

तीस वर्षं मोटरी भरतोय. कारण सोपं आहे, मोटर हळू फिरली की मागचा पंखाही हळू फिरतो, हवा मिळत नाही, मोटर तापते आणि टॉर्क पडतो. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तसा उतरता आलेखच छापलेला असतो. माझ्याकडे ड्राइव्हवरच्या जळालेल्या मोटरी येतात त्या बहुतेक अशाच. वेगळा ब्लोअर बसवा.

पॅनेलवाला_भोसरी

काका, तुमचा आलेख खरा आहे पण तो दुसऱ्या रोगाचा. १० हर्ट्झवर तासन् तास चालवली तर मोटर किती भार सोसेल, हे तो सांगतो. फौंड्रीकरांची मोटर पहिल्या दोन सेकंदांतच हरते, तेव्हा ती गारच असते. ब्लोअर लावून बेल्ट हलणार नाही.

मी पॅनेल बांधतो, ही तक्रार वर्षाला पाच-सहा वेळा येते. मुळात ८.३ चा हिशेब कशासाठी ते बघा. मोटरच्या लोखंडात किती चुंबकत्व तयार होतं, ते व्होल्ट भागिले हर्ट्झवर ठरतं. हर्ट्झ कमी केले म्हणजे प्रत्येक अर्धी लाट जास्त वेळ टिकते. व्होल्ट तेवढेच ठेवले तर चुंबकत्व चढतच जातं, लोखंड भरून जातं आणि करंट उसळतो. म्हणून ड्राइव्ह हर्ट्झबरोबर व्होल्टही उतरवतो. ५० ला ४१५, २५ ला २०७, ५ ला साडेएकेचाळीस.

आता मेख. आपण देतो ते सगळे व्होल्ट चुंबकत्वापर्यंत पोचत नाहीत. वाटेत वाइंडिंगची तांब्याची तार आहे, ती आपला हिस्सा कापून घेते. तो हिस्सा करंटवर ठरतो, हर्ट्झशी त्याला देणंघेणं नाही. ५० हर्ट्झला भरलेल्या ताटातून चार घास गेले तर कळत नाही. ५ हर्ट्झला ताटातच दहा घास असतात, त्यातले चार गेले.

फौंड्रीकर, एक काम करा. ड्राइव्ह बंद करा, मॅन्युअलमध्ये लिहिलाय तेवढा वेळ थांबा, केबल सोडवा आणि मोटरच्या कोणत्याही दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स मोजा. मीटरच्या वायरी एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा. नेमप्लेटही सांगा.

विहीर_बागायतदार

माझाही हाच प्रॉब्लेम! बोअरच्या मोटरला सोलरचा ड्राइव्ह आहे. सकाळी ऊन कमी असताना ३० हर्ट्झ दाखवतो, मोटर फिरतेय पण पाण्याचा थेंब नाही. ३८ च्या वर गेला की धार येते. टॉर्क वाढवायचा असेल तर कोणतं पॅरामीटर बदलू?

पॅनेलवाला_भोसरी

दादा, काही बदलू नका. तुमच्या मोटरला टॉर्क पुरतोय, नाहीतर ती फिरलीच नसती. पंप किती उंच ढकलेल हे वेगाच्या वर्गावर असतं. ३० हर्ट्झला तो पूर्ण वेगाच्या मानाने ३६ टक्केच उंची गाठतो आणि तुमचं पाणी त्याहून खोल आहे. उलट पंपाला हळू वेगाला टॉर्क कमीच लागतो. बेल्टचं तसं नाही, वाळू जेवढी पडलीय तेवढी पडलीय, वेग शून्य असो की पुरा.

विहीर_बागायतदार

बरं. डीलर तर म्हणाला होता की टॉर्क बूस्ट करून देतो, हजार रुपये.

एक्स्ट्रूडरवाली

बूस्ट या शब्दाला मी घाबरते, ऐका. वाळूजला प्लास्टिकच्या पाइपांच्या युनिटमध्ये मी शिफ्ट इंजिनिअर होते. मालाची हॉपरखालची स्क्रू जाम व्हायची. मोटर तुमच्याच मापाची, १० एचपी. कोणीतरी सांगितलं बूस्ट वाढव, म्हणजे हळू वेगाला ड्राइव्ह हिशेबापेक्षा वर जे जास्तीचे व्होल्ट देतो ते. मी थेट ३ वरून १० टक्के केला. स्टार्ट दिला, मोटर ट्रकच्या हॉर्नसारखी ओरडली आणि स्क्रीनवर `OC`, म्हणजे करंट जास्त झाल्याची ट्रिप. रीसेट, पुन्हा `OC`. गंमत म्हणजे स्क्रू तेव्हा रिकामी होती! भार नव्हता आणि तरी करंट पोटात मावेना.

मग एका म्हाताऱ्या सुपरवायझरनं ७ वर आणून टाँग टेस्टर लावून दाखवलं. ३ हर्ट्झला रिकामी मोटर नेमप्लेटच्या दीडपट अ‍ॅम्पियर खात होती. माल नाही, काम नाही, नुसतं लोखंड भरत होती. त्या दिवसापासून मी अर्ध्या-अर्ध्या टक्क्यानं वाढवते आणि प्रत्येक वेळी रिकाम्या मशीनवर ३ हर्ट्झचा करंट लिहून ठेवते.

फौंड्रीकर

मोजलं. ७.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, १४.५ अ‍ॅम्पियर, १४४० आरपीएम. दोन टर्मिनलमध्ये १.५ ओहम, वायरी टेकवून ०.२, म्हणजे १.३. बूस्ट शून्यावर होता! बसवणाऱ्यानं हात लावला नव्हता.

आणखी एक. ५ हर्ट्झला मल्टिमीटरवर ४१ च्या जागी १३० दिसतात. ड्राइव्ह खराब आहे का?

पॅनेलवाला_भोसरी

ड्राइव्ह ठीक आहे, साधं मीटर फसतं. बाहेर येणारे ठोके पूर्ण उंचीचेच असतात, साधारण ५८० व्होल्टचे. ते किती रुंद ठेवायचे एवढंच ड्राइव्ह ठरवतो. व्होल्ट ड्राइव्हच्या स्क्रीनवरच वाचा. आणि हळू वेगाला चाळीसच व्होल्ट आहेत म्हणून टर्मिनलला कुणी बोट लावू नका. आमच्याकडच्या एका पोरानं लावलं होतं, वाचला.

आता तुमचा हिशेब. दोन टर्मिनलचा आकडा अर्धा करा, मोटर स्टार असो की डेल्टा. आले ०.६५. पुऱ्या करंटला १४.५ गुणिले ०.६५, म्हणजे साडेनऊ व्होल्ट तारेतच गेले. फेजला ५० हर्ट्झवर २४० मिळतात, त्यातले ४ टक्के. ५ हर्ट्झवर २४ मिळतात, त्यातले ४० टक्के. अडकलेला बेल्ट हलवायला दीडपट करंट धरा, २२ अ‍ॅम्पियर, तर २४ पैकी १४ गेले. ही वजाबाकी खरं तर कोनात करायची असते, त्यामुळे आकडे ढोबळ समजा. पण कोन धरून चुंबकत्व ६० टक्क्यांवर आलं तर मोटरची कमाल ताकद वर्गाने पडते, ३६ टक्क्यांच्या आसपास. तुमचा टॉर्क गेला तो इथं.

१४ व्होल्ट म्हणजे २४० चे ६ टक्के. हिशेब म्हणतो बूस्ट ६ ठेवा. पण ताईंनी लिहिलंय तेच होईल, बेल्ट रिकामा असताना तार १४ व्होल्ट खाणारच नाही, उरलेले लोखंडात घुसतील. साधा बूस्ट आंधळा असतो, त्याला भार दिसत नाही. २ पासून सुरू करा. रिकाम्या बेल्टचा ३ हर्ट्झचा करंट नेमप्लेटच्या वर गेला की तिथं थांबा.

पॉलिटेक्निक_तृतीय

सर, मी व्हायव्हासाठी विचारतो. १४४० म्हणजे १५०० पेक्षा ६० आरपीएम कमी. हे ६० हळू वेगालाही तेवढेच राहतात का?

पॅनेलवाला_भोसरी

त्याच भाराला, चुंबकत्व टिकवलं तर, साधारण तेवढेच. ६० आरपीएम म्हणजे २ हर्ट्झ. म्हणून पुऱ्या भाराची ही मोटर २ हर्ट्झ दिले तर जागेवर उभी राहते, ताकद पुरी लावते पण फिरत नाही. पोरं म्हणतात ड्राइव्ह चालू आहे, मोटर बंद पडली. सुटायला वर जावंच लागतं. ड्राइव्ह १ हर्ट्झवर रेंगाळत असेल तर तो वेळ नुसता तापण्यात जातो.

भंगारातून_मशीन

माझी केस वेगळी वाटली होती, पण एकच निघाली. बाहेरून आलेलं जुनं मशीन घेतलं, ड्राइव्हसकट. मोटर बदलून आपली ४१५ व्होल्टची टाकली. सगळ्याच वेगांना मरतुकडी. महिना गेला. बेस फ्रिक्वेन्सी ६० होती. म्हणजे ४१५ व्होल्ट ६० हर्ट्झला पोचणार, आणि ५० ला ३४६ च. दर हर्ट्झला ८.३ च्या जागी ६.९. फौंड्रीकर, ते पॅरामीटर एकदा बघाच.

जुना वायंडर

हे ६० चं मला माहीत नव्हतं. माझ्याकडं दोनदा रिवाइंड करून गेलेली एक मोटर आठवली. तिचं गिऱ्हाईक अजून मलाच शिव्या घालतं.

फौंड्रीकर

बेस फ्रिक्वेन्सी ५० च होती. २ टक्के बूस्टला अर्धा भरलेला बेल्ट सुटला. ३ ला रिकाम्या बेल्टवर ३ हर्ट्झला १३ अ‍ॅम्पियर, साडेतीनला १६. परत ३ वर आलो. पूर्ण भरलेला सकाळी सुटतो, दुपारच्या शिफ्टला नाही. हे काय नवीन?

पॅनेलवाला_भोसरी

तांबं तापलं. ३० डिग्रीवरून १०० वर गेलं की रेझिस्टन्स पाव हिश्शानं वाढतो. तुमचे ०.६५ दुपारी ०.८ झाले. बूस्ट मात्र सकाळचाच.

आता ड्राइव्हमध्ये सेन्सरलेस व्हेक्टर मोड असेल तर तो घ्या. आधी नेमप्लेट भरा, ऑटोट्यून चालवा. तो तारेचा रेझिस्टन्स स्वतः मोजतो आणि करंट बघून त्या क्षणाला लागतील तेवढेच व्होल्ट वाढवतो. एका ड्राइव्हवर एकच मोटर पाहिजे, ती तुमच्याकडे आहे.

एक्स्ट्रूडरवाली

ऑटोट्यून गार मोटरवर केलं की गरम? आमच्याकडे यावरून भांडणं व्हायची. मी गरमवर करायचे, सुपरवायझर गारवर. दोघांचीही मशीनं चालायची.

पॅनेलवाला_भोसरी

मी गारवर करतो, कारण मॅन्युअल तसं सांगतं. तुमचंही चूक म्हणणार नाही.

फौंड्रीकर

रविवारी ऑटोट्यून केलं, व्हेक्टरवर टाकलं. चार दिवस झाले, दुपारीही भरलेला बेल्ट सुटतोय. ३ हर्ट्झला रिकामा करंट ६ वर आला.

फक्त काल लाइट दोन तास गेली आणि ओली वाळू बेल्टवर बसून आवळली. स्क्रीनवर करंट दीडपटीला जाऊन चिकटला, बेल्ट हलला नाही. डीओएल सहापट करंट ओढून दुपटीच्या आसपास झटका द्यायचा, तो इथं मिळत नाही. एक साइज मोठा ड्राइव्ह घ्यावा का? मोटर तीच ठेवून कुणी केलंय? तोवर एक फावडं पॅनेलशेजारी उभं ठेवलंय.