उ: हॅमर दिसला तरी स्टॉप उडतो

"हॅमर अगदी पुस्तकातल्यासारखा होता, तरी दोन दिवसांत स्टॉप उडाला. मग या कँडलचा उपयोग काय?"

तो हॅमर कुठे बनला, ते आधी बघा. माझंही असंच झालं होतं. ४८० वरून घसरणाऱ्या एका शेअरमध्ये ४३० ला सुरेख हॅमर दिसला, खालची शेपटी ४१८ पर्यंत. पार्क चौकात चहा पिता पिता मोबाईलवरच ४३२ ला घेतला, स्टॉप ४१७. तिसऱ्या दिवशी बाहेर! रात्री डेली चार्ट डावीकडे सरकवला, तर ४३० ला आधी काहीच घडलेलं नव्हतं. भाव दोनदा वळला होता तो ३९० ला. मधल्या जागी पडलेली शेपटी आधी विकून बसलेल्या शॉर्टवाल्यांनी नफा काढल्याचीही असू शकते, नवा खरेदीदार तिथे थांबलेला असेलच असं नाही.

पुढे ३९० जवळ बुलिश एन्गल्फिंग आली. आदल्या दिवशीची लाल बॉडी ३९८ ते ३९१, दुसऱ्या दिवशी ३९० ला उघडून बंद ४०२. दिसायला साधीच. क्लोजिंग झाल्यावरच मानली, कारण पावणेतीनचा हॅमर साडेतीनला हॅमर राहीलच असं नाही. स्टॉप ३८३. भाव चढला आणि अडकला कुठे, तर ४३० लाच, वर लांब शेपटीचा शूटिंग स्टार काढून. माझ्यासारखेच तिथे घेतलेले, पण स्टॉप न लावता अडकलेले बहुधा सुटका करून घेत होते. हाच तारा ४१० ला दिसला असता तर मी ढुंकूनही पाहिलं नसतं. अर्थात ३९० सुद्धा तुटू शकलं असतं, स्टॉप त्यासाठीच.