डोंगल सारखा ऑफलाइन

"नवा राउटर आल्यापासून सोलर इन्व्हर्टरचा वायफाय डोंगल सारखा तुटतोय. डेटा परत कसा सुरू करू?"

आमच्या सांगलीच्या घरी हेच झालं होतं. बहुतेक डोंगल फक्त 2.4 गिगाहर्ट्झ पकडतात. नवे राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवतात, तिथं घोळ होतो. राउटरमध्ये 2.4 ला वेगळं नाव द्या, सुरक्षा WPA2 ठेवा, चॅनेल ऑटोऐवजी 1, 6 किंवा 11 करा. मग डोंगल रीसेट करून नवं नाव-पासवर्ड भरा. तेव्हा मोबाईल डेटा बंद ठेवा, नाहीतर फोन डोंगलचं वायफाय सोडून देतो (मी अर्धा तास तिथंच अडकलो).

एकूण युनिट इन्व्हर्टर स्वतः मोजतो, ते जुळतील. मधल्या दिवसांचा आलेख मात्र डोंगलमध्ये किंवा इन्व्हर्टरमध्ये साठवण असेल तरच भरतो. आणि रात्री ऑफलाइन दिसला तर घाबरू नका, ऊन नसलं की बिनबॅटरीचा इन्व्हर्टर झोपतो.